‘आठवा थर’ लाइनवर असतो तेव्हा

तांत्रिक मदतीच्या कॉल सेंटरमध्ये ‘आठव्या थराचा प्रॉब्लेम’ म्हणजे दोष यंत्रात नाही, ग्राहकात. नेटवर्कच्या प्रमाण आराखड्यात थर सातच, आठवा माणसाचा. `ID-10-T` हा ‘एरर कोड’ही तसाच. सलग वाचला की ‘इडियट’! भडकलेला ग्राहक नुसता ‘आयरेट’, आणि साहेबांनाच बोलवा म्हणणाऱ्याचा ‘सप कॉल’.

ही भाषा शेजारच्या खुर्चीपुरतीच. कॉलच्या नोंदीत ती उतरली, तर तक्रारीच्या वेळी एजंटच अडचणीत येतो. होल्डवरही सावध राहावं लागतं. काही यंत्रणांत तेव्हाही एजंटचा आवाज रेकॉर्ड होतो.

राग आणि शिवी यांत फरक केला जातो. ‘तुमची सर्व्हिस भिकार आहे’ हा राग. तो ऐकून घ्यायचा. रोख एजंटच्या आईबहिणीवर गेला की पहिली ताकीद: ‘सर, मला मदत करायची आहे, पण ही भाषा नको.’ पुन्हा तेच झालं, तर कॉल बंद करावा लागेल असं स्पष्ट सांगायचं. तिसऱ्यांदा, सांगूनच कॉल तोडायचा. बऱ्याच ठिकाणी क्रम साधारण असाच असतो. जिवाची धमकी आली तर मात्र ताकिदींत वेळ न घालवता थेट सुपरवायझरला कळवायचं.

नोंदीत ‘ग्राहक उद्धट’ असा शेरा नको. उच्चारलेले शब्द, वेळ आणि दिलेल्या ताकिदी लिहायच्या.