फोटोतला पोशाख कागदावर: उंची वाढवायची, पण कपडा बदलू द्यायचा नाही

आज आपण एकच फोटो घेऊन बसणार आहोत. समोर दिसतोय तो असा: खणाच्या कापडाचा वांगी रंगाचा ड्रेस, खाली हिरवा काठ, बाही कोपराच्या खालपर्यंत, आणि ड्रेसची लांबी गुडघा आणि घोटा यांच्या बरोबर मध्ये. मुलगी उजव्या पायावर भार देऊन उभी आहे, उजेड डावीकडच्या खिडकीतून येतोय. यावरून फॅशन इलस्ट्रेशन करायचं आहे, म्हणजे उंच, सडपातळ आकृती, मोकळे मार्करचे फटकारे आणि खणाच्या नक्षीची नुसती चाहूल.

पहिला प्रश्न उंचीचा. चित्रकार डोक्याला माप धरतात: टाळूपासून हनुवटीपर्यंत एक डोकं. खरा माणूस साधारण साडेसात डोकी उंच असतो, फॅशनची आकृती नऊ किंवा त्याहून थोडी जास्त. मग ही वाढलेली दीड डोकी टाकायची कुठे? नवशिक्याचा हात फोटो उभा ताणायला जातो. संगणकावर तर एका झटक्यात होतं ते. पण मग चेहराही ताणला जातो, बाहीही ताणली जाते आणि खणाची गोल बुट्टी अंडाकृती होते. बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळतं.

खरी पद्धत अशी की धड जवळजवळ आहे तसं ठेवायचं आणि लांबी पायांना द्यायची. नऊ डोक्यांच्या आकृतीत कंबर तिसऱ्या डोक्यावर येते, मांड्या जिथे सुरू होतात ती जागा चौथ्यावर, गुडघा सव्वासहावर आणि घोटा साडेआठवर. खऱ्या शरीरात गुडघा साडेपाचाच्या आसपास असतो. म्हणजे वाढीतला थोडासाच भाग धडाला मिळाला, मांडीला अर्धं डोकं, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याखाली. रुंदी मात्र वाढवायची नाही. आकृती सडपातळ दिसते ती त्यामुळेच.

आता आपल्या फोटोवर हे करून बघू. प्रिंटवर डोकं 2 सेंटिमीटर आहे, अख्खी आकृती 15. ड्रेसची खालची कड टाळूपासून 12.6 सेंटिमीटरवर येते, म्हणजे 6.3 डोकी. ए-फोर कागदावर आपण डोकं 2.8 सेंटिमीटरचं घेतलं. नऊ डोकी म्हणजे 25 सेंटिमीटरच्या थोडं वर, वरखाली समास उरतो. आता जर फोटोतलं 6.3 डोकी हेच माप उचललं, तर कड येईल साडेसतरा सेंटिमीटरच्या जवळ. आणि आपल्या नव्या आकृतीचा गुडघा कुठे आहे? तिथेच! पोटरीपर्यंतचा ड्रेस गुडघ्यापर्यंतचा झाला. हे चित्र समोर ठेवून कोणी शिवायला घेतलं, तर त्याने काय शिवायचं?

म्हणून लांबी डोक्यांत मोजायची नाही, सांध्यांच्या मधल्या अंतरात मोजायची. फोटोत कड गुडघा आणि घोट्याच्या मध्यावर, तर चित्रातही मध्यावरच. गुडघा सव्वासहा, घोटा साडेआठ, मध्य येतो सात डोकी आणि वर थोडं. मोजून सांगायचं तर टाळूपासून साडेवीस सेंटिमीटरच्या जरा पुढे. बाहीलाही हाच न्याय. ती कोपर आणि मनगट यांच्या मध्ये संपत असेल, तर मध्येच संपवायची.

एक गोष्ट मात्र पेन्सिल उचलण्याआधी तपासा. फोटो कुठून काढलाय? उभ्या माणसाने डोळ्यांच्या उंचीवरून, जवळून काढला असेल तर पाय आधीच आखूड दिसतात. कंबरेच्या उंचीवरून, थोडं लांबून काढलेला फोटो सगळ्यात बरा. आणि मानेच्या खळग्यातून एक सरळ उभी रेघ खाली सोडा. भार ज्या पायावर आहे, त्याच्या जवळ ती उतरली पाहिजे. नाहीतर आकृती पडते आहे असं वाटतं. पाय लांब केल्यावर तर जास्तच.

आता मार्कर. मोकळा फटकारा म्हणजे कसाही मारलेला नव्हे. कापड कुठून लटकतंय ते आधी शोधायचं. आपल्या ड्रेसमध्ये ते खांद्यावरून आणि छातीवरून सुटतं. म्हणून फटकारा छातीपाशी टेकवायचा आणि चपट्या टोकाने, हात न थांबवता, कडेपर्यंत ओढायचा. मनगट नाही, अख्खा हात हलला पाहिजे. खालच्या घेराला असे दहाबारा पुरतात. डावीकडे उजेड आहे, तिथला साधारण एक तृतीयांश कागद पांढराच सोडायचा. रने ग्रुओची चित्रं आठवून बघा. क्रिस्तियन दिओरसाठी काम करणारा हा चित्रकार कितीतरी ठिकाणी रंग भरतच नाही, आणि तरी कोट पूर्ण दिसतो.

पहिला थर वाळू द्या. मग त्याच मार्करने फक्त घड्यांवर दुसरा हात. वाळलेल्या थरावर तोच रंग एक पायरी गडद होतो, वेगळा मार्कर लागत नाही. ओल्यावर गेलात तर दोन्ही मिसळून सपाट डाग होतो. खण हे ताठर कापड आहे, त्यामुळे घड्या थोड्या, रुंद आणि सरळ. जॉर्जेटसारख्या बारीक लाटा काढल्यात तर रंग बरोबर असूनही कापड खण वाटणार नाही. स्पिरिटचा मार्कर साध्या कागदावर पसरतो, म्हणून रेघेच्या आत एखादा मिलिमीटर थांबा.

नक्षी सगळ्यात शेवटी, आणि इथेच बहुतेक चित्रं बिघडतात. आधी मापाचा विचार करू. खरं डोकं साधारण 22 सेंटिमीटरचं, आपलं 2.8 चं, म्हणजे सगळं आठपट लहान झालं. एक सेंटिमीटरची बुट्टी इथे मिलिमीटरभराचा ठिपका होते. त्यात पाकळ्या काढायला जाऊच नका. पांढऱ्या जेल पेनने एक ठिपका आणि बाजूला छोटी रेघ, बस. आणि आकृती उंच झाली म्हणून बुट्टी मोठी होत नाही, लांब पायांवर तेवढ्याच आकाराच्या जास्त ओळी येतात.

पण सगळ्या ओळी काढायच्या नाहीत. उजेड आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात नक्षी स्पष्ट, उजेडाकडे जाता जाता विरळ, गडद सावलीत अजिबात नाही. छातीपाशी थोडी आणि काठाच्या वर थोडी असली की मधलं डोळा स्वतः भरून घेतो. ओळी शरीराच्या गोलाईबरोबर वाकल्या पाहिजेत, आणि घडी आली की तुटून पलीकडे थोड्या वर किंवा खाली सुरू झाल्या पाहिजेत. घडीवरून ओळ सरळ पुढे गेली, तर ड्रेस नाही, भिंतीला लावलेला कागद दिसतो. डोळे किलकिले करून बघा. घड्या दिसेनाशा होऊन ठिपकेच दिसत असतील, तर नक्षी जास्त झाली.

मग खणाची खरी नक्षी दाखवायची कुठे? कोपऱ्यात तीन सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि त्यात बुट्टी तिच्या खऱ्या आकारात, पाकळ्यांसकट काढा, शेजारी काठाचा तुकडा. कपड्याची पडण आकृतीने सांगायची, विणीचा तपशील चौकोनाने.

मागून कोणीतरी विचारलं की साधे स्केचपेन चालतील का. चालतील, पण ते पाण्याचे असतात. एकाच जागी तिसऱ्यांदा घासलं की कागदाची लव उठते आणि मग त्यावर जेल पेन नीट चालत नाही. जाड कागद घ्या, आणि घड्यांवरचा दुसरा हात रंगीत पेन्सिलने करा.