विश्लेषण : टपरीवरची कोटी कधी फसते? चहावाल्याची पाटी आणि गिऱ्हाईकाची समज

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात चहाच्या टपऱ्यांना तोटा नाही. चहाही बहुतेक ठिकाणी साधारण सारखाच. त्यामुळे टपरी लक्षात राहावी म्हणून पाटीवर एखादी शाब्दिक कोटी रंगवण्याचा मोह होतो. पण जी कोटी लिहिणाऱ्याला खुदकन हसवते, ती गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून जाऊ शकते, आणि तसे झाले तर कोणी येऊन सांगतही नाही. कोटी चालते कशी, अडते कुठे आणि पाटी रंगवण्याआधी ते ओळखायचे कसे, याचा हा आढावा.

कोटी चालते म्हणजे नेमके काय होते?

शाळेच्या मराठी व्याकरणात ज्याला श्लेष म्हणतात, त्याचेच बाजारातले रूप म्हणजे कोटी. श्लेषाचे दोन प्रकार सांगितले जातात. शब्द न तोडता त्याचे दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष, आणि शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर सभंग श्लेष. टपरीच्या पाटीसाठी हा फरक फार कामाचा आहे, कारण उभ्या-उभ्या चहा पिणाऱ्याला शब्द तोडत बसायला सवड नसते.

‘आम्ही चहा उकळतो, पैसे नाही’ ही पाटी पाहा. ‘उकळणे’ या क्रियापदाचे दोन्ही अर्थ मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात आहेत. पहिला अर्थ समोरच्या पातेल्यातच दिसतो. दुसरा ‘पैसे’ हा शब्द येताच आपोआप उघडतो. वाचणाऱ्याला काही आठवावे लागत नाही, काही जोडावे लागत नाही. शिवाय ‘इथे जास्त पैसे घेत नाहीत’ हा धंद्याचा निरोपही त्याच वाक्यात पोहोचतो. चांगल्या पाटीची ही दोन लक्षणे आहेत : दोन्ही अर्थ गिऱ्हाईकाच्या तोंडात आधीपासून असावेत, आणि त्यातल्या एकाने चहाविषयी काहीतरी सांगावे.

मग ती दुर्बोध कधी होते?

समजा, लालबागमधल्या एका टपरीवाल्याला पहाटे टपरी उघडते हे सांगायचे आहे. त्याचा एक वाचनवेडा मित्र त्याला ‘मित्रोदयाला पहिला घोट’ अशी ओळ सुचवतो. ‘मित्र’ म्हणजे दोस्त आणि ‘मित्र’ म्हणजे सूर्यही. सूर्योदयाला चहा, दोस्त भेटल्यावरही चहा. कागदावर ही कोटी निर्दोष आहे.

आता गिऱ्हाईकाला काय काय करावे लागते ते मोजू. आधी ‘मित्रोदय’ हा जोडशब्द ‘मित्र’ आणि ‘उदय’ असा फोडायचा. मग ‘मित्र’ म्हणजे सूर्य हे आठवायचे. सूर्यनमस्कारातले पहिले नाव ज्याच्या कानावरून गेले असेल त्यालाच ते आठवेल. नंतर दोस्त हा दुसरा अर्थ मनात तसाच धरून ठेवायचा. शेवटी दोन्हींचा चहाशी संबंध लावायचा. एवढ्या चार पायऱ्या चढेपर्यंत कटिंग संपलेली असते. बहुतेकांना तर इथे कोटी आहे याचाच पत्ता लागणार नाही. ‘मित्रोदय’ हे मंडळाचे किंवा मालकाच्या मुलाचे नाव असावे, असे समजून ते पुढे जातील.

दुर्बोध कोटीचा खरा तोटा हा आहे. पचकलेल्या विनोदावर निदान कोणी नाक मुरडते. न दिसलेल्या विनोदावर कोणीच काही बोलत नाही, आणि पाटी वर्षभर तशीच लटकत राहते.

अशी कोटी टाकून द्यावी की सुधारता येते?

बऱ्याचदा सुधारता येते. कल्पना तीच ठेवायची आणि दुहेरी अर्थाचा भार अवघड शब्दावरून काढून रोजच्या शब्दावर टाकायचा. वरच्या ओळीत तो भार ‘मित्र’ या शब्दावर आहे. पण मराठीत सूर्य जसा ‘उगवतो’, तसा उशिरा आलेला दोस्तही ‘उगवतो’. ‘उगवलास का रे आता?’ हे वाक्य चाळीच्या प्रत्येक गॅलरीत ऐकलेले असते. म्हणून ओळ अशी करता येते : ‘सूर्य उगवला की चहा, मित्र उगवला की पुन्हा चहा.’

सूर्य आणि मित्र दोघेही जागेवर आहेत, पहाटेची वेळही कळते. चार पायऱ्यांची एक पायरी झाली. ‘उगवला’मधली गंमत एखाद्याला कळली नाही, तरी वाक्याचा सरळ अर्थ लागतोच. कोटी निसटली तरी निरोप पोहोचला पाहिजे, ही पाटीसाठी सर्वात उपयोगी कसोटी.

‘टी’च्या कोट्या मराठी पाटीवर का अडतात?

इंग्रजीत ‘क्वालिटी’, ‘पार्टी’ अशा शब्दांचे शेवटचे अक्षर बदलून तिथे चहाचे स्पेलिंग घालतात. स्पेलिंग बदललेले दिसते, म्हणून कोटी डोळ्यांना कळते. देवनागरीत मात्र ‘क्वालिटी’मधला ‘टी’ आणि चहाचा ‘टी’ अगदी एकच. त्यामुळे पाटीवर नुसते ‘क्वालिटी’ रंगवले तर कोटी आहे हे दिसतच नाही. 

हा प्रश्न आता जास्त जाणवतो, कारण मराठी पाट्यांचा नियम छोट्या दुकानांनाही लागू आहे. २०२२मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून १०पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांना आणि आस्थापनांनाही देवनागरीतील मराठी फलक बंधनकारक केला. मराठी अक्षरे इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असेही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दुकानदारांना त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. इंग्रजी कोटीचे नुसते अक्षरांतर केले की तिचा जीव जातो, हे तेव्हापासून अनेक पाट्यांवर पाहायला मिळते.

उपाय दोन. एक, ‘टी’ वेगळ्या रंगात किंवा मध्ये रेघ देऊन लिहायचा. दोन, ज्या मराठी शब्दात ‘टी’ आधीच आहे तो वापरायचा आणि वाक्यानेच त्याकडे बोट दाखवायचे. उदाहरणार्थ, ‘कसलीही भेट असो, शेवटी टी!’ इथे ‘शेवटी’ या शब्दाच्या शेवटी ‘टी’ आहे आणि भेटीच्या शेवटीही.

एकच कोटी परळला पडते आणि गिरगावात चालते, असे का?

कारण टपरीसमोर उभा राहणारा माणूस वेगळा असतो. परळला केईएम आणि टाटा रुग्णालयांमुळे देशभरातून आलेले रुग्णांचे नातेवाईक चहाला थांबतात. त्यातल्या अनेकांना हिंदीमुळे देवनागरी वाचता येते, पण मराठी कळत नाही. ‘दूध आलं, पाणी आलं, आलं आलं की चहा झालाच’ ही ओळ मराठी कानाला मजेदार आहे. पण ज्याला ‘अदरक’ माहीत आहे आणि ‘आलं’ नाही, त्याला तो शब्द चुकून दोनदा छापलेला वाटेल. ओळीशेजारी आल्याचा तुकडा रंगवला, तर हा अडसर बराच कमी होतो. शिवाय ‘उकळतो’, ‘पैसे’ हे शब्द हिंदीभाषकालाही अंदाजाने लागतात. ‘आम्ही चहा करतो, चहाडी करत नाही’ यातली ‘चहाडी’ मात्र त्याला लागणार नाही. चुगली म्हणणाऱ्या तरुण मराठी गिऱ्हाईकालाही ती कदाचित लागणार नाही.

याउलट गिरगावात साहित्य संघ मंदिर किंवा दादरला शिवाजी मंदिर यांच्या आसपास नाटकाचा प्रेक्षक चहाला येतो. तिथे ‘एकच प्याला’ एवढीच पाटी पुरते. ‘प्याला’ म्हणजे कप आणि ‘प्याला’ म्हणजे प्यायला, हे कोणालाही कळेल. पण राम गणेश गडकरींचे १९१९मध्ये रंगभूमीवर आलेले नाटक ज्याला ठाऊक आहे, त्याला दारूने उद्ध्वस्त झालेला संसारही आठवेल. नाट्यगृहाच्या दारात तो हसेल. रुग्णालयाच्या दारात तीच आठवण बोचू शकते. म्हणजे कोटी कळणे हे नेहमीच फायद्याचे असते असे नाही.

‘चहापाणी’ या शब्दाचेही तसेच. त्याचा लाचेचा अर्थ सगळ्यांना कळतो. पण ‘इथे फक्त चहा, चहापाणी नाही’ अशी पाटी फुटपाथवर लावली, तर ती आपल्यासाठीच आहे असे कोणाला वाटेल, याचा विचार टपरीवाल्याने आधीच केलेला बरा.

चटकन कळणारी आणि सावकाश उलगडणारी, दोन्ही ठेवता येतात का?

येतात, फक्त जागा वेगळी हवी. टपरीचे वाचक दोन प्रकारचे. एक, चालता-चालता पाटीवर नजर टाकणारा. त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. दुसरा, हातात गरम ग्लास धरून उभा असलेला. चहा निवेपर्यंत त्याला वाचायला दुसरे काही नसते. समोरच्या मोठ्या फलकावर ‘उकळतो’सारखी ओळ आणि ग्लास ठेवतात त्या फळीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला, ‘चहाडी’ किंवा ‘एकच प्याला’. अवघड कोटी तिथे उलगडायला वेळ मिळतो, शिवाय शेजारी उभा असलेला कोणीतरी ती समजावूनही सांगतो.

ताज्या बातमीवरची कोटी तर रंगवूच नये. मुंबईच्या चौकात १९६६पासून दिसणाऱ्या अमूल लोण्याच्या फलकांवर बातमीवरच्या कोट्या असतात. त्या चालतात, कारण सोबत चित्र असते आणि बातमी शिळी झाली की फलक बदलतो. टपरीला ही सोय काळ्या फळ्यावर आणि खडूने होते. सामन्याच्या दिवशी लिहिलेली ओळ आठवड्याने पुसली नाही, तर तीही दुर्बोधच होते.

रंगवण्याआधी तपासायचे कसे?

ओळ आधी चार दिवस खडूने लिहून ठेवावी. गिऱ्हाईकाला ‘कळली का?’ असे विचारू नये. भिडेखातर बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. ‘पाटीवर काय लिहिलंय, जरा वाचा ना’ असे म्हणावे. वाचणारा दुहेरी शब्दावर किंचित थांबला, हसला किंवा त्याने ती ओळ सोबत्याला पुन्हा सांगितली, तर कोटी लागली. सरळ वाचून त्याने सुटे पैसे काढले, तर ती दिसली नाही. ‘म्हणजे काय?’ असे विचारले, तर दिसली पण उलगडली नाही. अशा वेळी शब्द बदलावा किंवा चित्र जोडावे.

हे सकाळी कामावर जाणाऱ्यांकडून, दुपारी आसपासच्या दुकानदारांकडून आणि संध्याकाळी कॉलेजच्या मुलांकडून असे तीनदा करावे, कारण तिघांचा शब्दसाठा एक नसतो. चार दिवसांत मालकाला दहा वेळा अर्थ सांगावा लागला, तर ती ओळ फळीवरच्या छोट्या पाटीसाठी ठेवावी. मोठ्या फलकावर अशीच ओळ जावी, जी गिऱ्हाईक मालकाला न विचारता दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगते.