भिंतीला घाम की गळती?

जुलैतली मुंबई. रात्रभर एसी २० अंशांवर चाललेला, आणि सकाळी खिडकीची काच बाहेरून ओलीचिंब. बेडरूमला लागून असलेल्या पॅसेजची भिंतही दमट लागते. घरातले लगेच वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवर संशय घेतात.

पण हे पाणी बहुधा हवेतलंच असतं. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २७ अंश येतो. त्याहून थंड पृष्ठभागाला ही हवा लागली की वाफेचं पाणी होतं. म्हणून ओल थंड खोलीच्या बाहेरच्या बाजूला दिसते.

गळतीची ओल वेगळी. तिला पिवळसर कडेचा डाग असतो, रंगाचे पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुलतात. पाइप गळत असेल तर ती कोरड्या मे महिन्यातही हटत नाही.

खात्रीसाठी भिंत पुसून, पंख्याने वाळवून अॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवावा. एक-दोन दिवसांनी फॉइल वरून ओली असेल तर हवेतला ओलावा. मागून ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्हीकडे ओल दिसली, तर दोन्ही दोष आहेत. घाम असल्यास एसी २६ अंशांवर ठेवून पाहावा. वॉटरप्रूफिंगवर खर्च करून तो थांबणार नाही.