गिटारची तार आणि हरवलेली धार

इलेक्ट्रिक गिटारच्या केबलमध्ये मधली तांब्याची तार आणि तिच्याभोवतीची जाळी यांच्यामध्ये विद्युतरोधक थर असतो, आणि अशा रचनेत विद्युतभार साठत असल्याने संपूर्ण केबल एका लांबट कपॅसिटरसारखी वागते. या साठवणक्षमतेला धारिता म्हणतात, ती पिकोफॅरडमध्ये मोजतात आणि लांबीच्या प्रमाणात ती वाढत जाते. गिटारचा पिकअप, म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे दिलेले वेटोळे, या धारितेशी मिळून एका विशिष्ट कंप्रतेला उठाव देतो आणि तिच्यावरचे स्वर झपाट्याने क्षीण करतो.

पिकअपचे प्रेरकत्व 2.5 हेन्री आणि त्याची स्वतःची धारिता 100 पिकोफॅरड धरली, तर मीटरला 100 पिकोफॅरडच्या 3 मीटर केबलसह हा उठाव सुमारे 5000 हर्ट्झवर येतो. मीटरला 160 पिकोफॅरडची 10 मीटर स्वस्त केबल जोडताच तो 2400 हर्ट्झच्या आसपास घसरतो आणि झंकारातली धार नाहीशी होते. किंमत हा मात्र फसवा निकष आहे, कारण महागड्या केबलचीही धारिता जास्त असू शकते.

टोनची कळ पूर्ण उघडूनही आवाज मंद वाटत असेल आणि आखूड केबल लावताच उजळत असेल, तर दोष केबलचाच समजावा. गिटारजवळ बफर, म्हणजे संकेताला कमी रोधाचा स्रोत देणारा लहान परिपथ, जोडल्यास त्यापुढील केबलच्या लांबीचा परिणाम जवळजवळ उरत नाही, पण गिटार ते बफर हा तुकडा आखूडच असावा लागतो.