पीआयपी लिहायचा तर असा: आकडे, तारखा आणि खरी मदत

या भागाचं हे थोडं आवरून घेतलेलं लिखित रूप. विषय आहे पीआयपी, म्हणजे परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन. हे नाव ऐकलं की आपल्याकडे बहुतेक जण थेट रेझ्युमे अपडेट करायला घेतात. आणि ते अगदीच चुकीचं नाही, कारण बरेच पीआयपी खरंच फक्त कागदपत्रांसाठी लिहिलेले असतात. आज बघूया की ज्याला समोरच्या माणसाला खरोखर सावरायचंय, अशा मॅनेजरने किंवा टीम लीडने तो कसा लिहायचा. आणि तो तुमच्या हातात पडला, तर तो खरा आहे की नाही हे कसं ओळखायचं.

एक उदाहरण घेऊ. समजा, सहा जणांच्या बॅकएंड टीममध्ये अडीच वर्षं अनुभवाचा एक इंजिनिअर आहे. दोन-दोन आठवड्यांचे स्प्रिंट चालतात. गेल्या तीन स्प्रिंटमध्ये त्याने १५ तिकिटं घेतली आणि वेळेत झाली ७. शिवाय त्याच्या कोडमधले ४ बग प्रॉडक्शनला गेले. अशा वेळी मॅनेजर पटकन लिहून टाकतो: "ओनरशिप वाढवणे, कोडची गुणवत्ता सुधारणे, कम्युनिकेशन चांगलं करणे." आता मला सांगा, दोन महिन्यांनी ओनरशिप वाढली की नाही हे कोण ठरवणार? ज्याचा त्या दिवशी जसा मूड असेल, तसा निकाल लागणार.

आधी कारण शोधा

म्हणून पहिलं काम म्हणजे ती राहिलेली ८ तिकिटं एकेक करून उघडून बघायची. आपल्या उदाहरणात असं दिसलं की ३ तिकिटांचं काम झालेलं होतं, पण पुल रिक्वेस्ट रिव्ह्यूसाठी तीन-चार दिवस तशीच पडून होती. तो दोष टीमचा, त्याचा नाही. उरलेल्या ५ मध्ये तो कुठेतरी अडकला होता आणि ते कळलं थेट स्प्रिंटच्या शेवटच्या दिवशी. चारही बग एकाच जातीचे होते: इनपुट रिकामा आला की कोड पडायचा, आणि त्यासाठी टेस्ट लिहिलेलीच नव्हती.

बघा, "कामात कमी पडतो" या मोघम तक्रारीच्या जागी आता दोन नेमक्या गोष्टी आल्या: अडकल्यावर सांगत नाही, आणि रिकाम्या इनपुटची टेस्ट लिहीत नाही. पीआयपी या दोन गोष्टींवर लिहायचा.

लक्ष्य कसं लिहायचं

माझी कसोटी साधी आहे. रिव्ह्यूच्या दिवशी दोन वेगळ्या माणसांनी ते लक्ष्य वाचलं, तर दोघांचं उत्तर एकच यायला हवं. आणि ते साधणं त्या इंजिनिअरच्या हातात हवं. आपल्या उदाहरणात तीन लक्ष्यं पुरेशी आहेत.

पहिलं: हातातल्या प्रत्येक तिकिटावर संध्याकाळी सहापर्यंत दोन ओळींची नोंद. आज काय झालं, कुठे अडलंय. अर्ध्या दिवसाहून जास्त अडकल्यास टीमच्या चॅनलवर मेसेज, काय काय करून बघितलं यासह.

दुसरं: प्रत्येक पुल रिक्वेस्टमध्ये तीन प्रकारच्या टेस्ट. नेहमीचा इनपुट, रिकामा इनपुट, चुकीचा इनपुट. त्या नसतील तर रिव्ह्यू करणारा ती परत पाठवेल.

तिसरं: दर स्प्रिंटला ५ तिकिटं. पहिल्या दोन स्प्रिंटमध्ये किमान ३ वेळेत मर्ज, पुढच्या दोन स्प्रिंटमध्ये किमान ४. रिव्ह्यूसाठी एका कामाच्या दिवसापेक्षा जास्त थांबलेलं तिकीट त्याच्या नावावर धरायचं नाही.

हा ४ चा आकडा कुठून आला? टीममधले बाकीचे साधारण तेवढंच करतात म्हणून. बाकी टीम ज्या आकड्याला पोचत नाही, तो पीआयपीमध्ये घालणं म्हणजे माणसाला घालवायची सोय करणं.

कोणी विचारेल, "शून्य प्रॉडक्शन बग" असं सरळ का नको? कारण आठ आठवड्यांत बग येतातच मुळी दोन-चार. एक कमी-जास्त झाला तर ती सुधारणा की नशीब, हे कळत नाही. उलट बगच्या भीतीने माणूस अवघड तिकीट घ्यायचंच टाळतो. टेस्ट लिहिली की नाही, हे मात्र रोज दिसतं.

तारखा

समजा प्लॅन सोमवार, ६ जुलैला सुरू झाला. चार स्प्रिंट, म्हणजे शुक्रवार, २८ ऑगस्टपर्यंत. रिव्ह्यू १७ जुलै, ३१ जुलै, १४ ऑगस्ट आणि शेवटचा २८ ऑगस्टला. हे सगळं पहिल्याच दिवशी दोघांच्या कॅलेंडरवर टाकायचं. प्रत्येक रिव्ह्यू अर्ध्या तासाचा. प्रत्येक लक्ष्यापुढे "पूर्ण", "वाटेवर" किंवा "मागे" यापैकी एक शब्द आणि त्याचा पुरावा, आणि त्याच दिवशी मेल.

यातला ३१ जुलैचा रिव्ह्यू सगळ्यात महत्त्वाचा. तिथे मॅनेजरने स्पष्ट सांगायचं: "आज प्लॅन संपला असता तर निकाल हा असता." मॅनेजर तिथे "ठीक चाललंय" म्हणाला आणि २८ ऑगस्टला नापास केलं, तर घरभाडं आणि ईएमआय भरणाऱ्या माणसाचे चार आठवडे आपण फुकट घालवले.

मदतीचा रकाना

इथेच बहुतेक प्लॅन उघडे पडतात. लिहिलेलं असतं, "गरजेनुसार मार्गदर्शन मिळेल." म्हणजे कोणाचं, कधी, किती वेळ? मदतसुद्धा लक्ष्याइतकीच मोजता यायला हवी. उदाहरणार्थ: टीममधली एक सीनियर, तिचं नाव लिहून, मंगळवारी आणि गुरुवारी चार ते साडेपाच त्याच्यासोबत बसून कोड लिहील. स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी मॅनेजर एक तास बसून तिकिटांचे छोटे तुकडे करून देईल. पुल रिक्वेस्टचा रिव्ह्यू एका कामाच्या दिवसात होईल. आठ आठवडे त्याला ऑन-कॉल नाही.

आता त्या सीनियरचे आठवड्याला तीन तास गेले, स्प्रिंटला सहा. मग तिचं एक तिकीट कमी करा. ते केलं नाही, तर दुसऱ्या आठवड्यापासून "अगं, आज जमत नाहीये का?" सुरू होतं आणि मदत कागदावरच राहते. म्हणून एक ओळ अजून घालायची: ठरलेली बैठक दोनदा आमच्याकडून चुकली, तर प्लॅनची मुदत एक आठवडा वाढेल. या ओळीवर सही करायला मॅनेजर कचरत असेल, तर तिथेच काय ते समजून घ्यावं.

शेवटी निकालही आधीच लिहून ठेवायचा. तिन्ही लक्ष्यं झाली तर प्लॅन बंद आणि तसं लेखी पत्र. दोन झाली आणि तिसरं जवळ आलं, तर दोन आठवड्यांची एकदाच वाढ. नाहीतर दुसरी भूमिका किंवा नोटीस पीरियडप्रमाणे निरोप.

कागद तुमच्या हातात आला तर

सहीच्या वर "मिळाला" लिहिलंय की "मान्य आहे", ते आधी वाचा. दोन्हीत फरक आहे. "मान्य आहे" असेल आणि एखादा आकडा पटत नसेल, तर तसं मेलवर लिहून मगच सही करा. रिव्ह्यूला अडकलेल्या तीन तिकिटांसारखी गोष्ट असेल, तर तारखांसकट मांडा. आणि पहिलाच रिव्ह्यू रद्द झाला, मदतीच्या रकान्यात फक्त ऑनलाइन कोर्सची लिंक असली, तर प्लॅन पाळत असतानाच बाहेर इंटरव्ह्यू द्यायला लागा.

मॅनेजर मंडळींना एवढंच: काढायचं आधीच ठरलं असेल, तर पीआयपी लिहूच नका. समोर बसून तसं सांगा आणि निरोपाच्या अटी बोला. आठ आठवडे खोटी आशा दाखवण्यापेक्षा ते बरं.

या भागात इतकंच. भेटूया पुढच्या भागात.