अध्यापन स्लाइड्स आणि अध्ययन उद्दिष्टे यांच्या सुसंगतीची तपासणी : परभणी जिल्ह्याच्या भूगोलातील एका घटकाच्या आधारे

प्रस्तावना :
महाविद्यालयीन अध्यापनात स्लाइड्सचा वापर आता सर्रास होतो. घटकाच्या पहिल्या स्लाइडवर अध्ययन उद्दिष्टे लिहिलेली असतात. मात्र पुढील स्लाइड्स ती पूर्ण करतात की नाही, हे क्वचितच तपासले जाते. परिणामी जे वर्गात कधी करून घेतलेच नाही, ते विद्यार्थ्यास थेट परीक्षेत करावे लागते. ही तफावत शोधण्याची एक सोपी पद्धत प्रस्तुत लेखात मांडली आहे.

बेंजामिन ब्लूम व सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण मांडले. २००१ मध्ये अँडरसन व क्रॅथवोल यांनी सुधारित केलेल्या या वर्गीकरणात स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन व नवनिर्मिती असे सहा बोधात्मक स्तर आहेत. तपासणीसाठी हेच स्तर आधारभूत मानले आहेत.

उदाहरणादाखल घटक :
'परभणी जिल्हा : पर्जन्य व सिंचन' या घटकासाठी ३० स्लाइड्सचा एक संच कल्पिला आहे. त्याची उद्दिष्टे चार आहेत. पहिले, जिल्ह्यातील नऊ तालुके, गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्या आणि येलदरी व निम्न दुधना हे प्रकल्प सांगता येणे (स्मरण). दुसरे, काळी जमीन ओलावा दीर्घकाळ धरते, पण अतिवृष्टीत तिचा निचरा मंद का होतो, हे स्पष्ट करता येणे (आकलन). तिसरे, दिलेल्या आकडेवारीवरून पावसाचे सरासरीपासूनचे विचलन काढता येणे (उपयोजन). चौथे, जिंतूर व सेलू तालुक्यांची माहिती दिली असता कोणता सिंचन पर्याय योग्य, हे कारणांसह ठरविता येणे (मूल्यमापन).

तपासणीची पद्धत :
शीर्षक, अनुक्रम व आभार या तीन स्लाइड्स वगळता २७ उरतात. प्रत्येक स्लाइडपुढे दोन नोंदी कराव्यात : ती कोणत्या उद्दिष्टाशी निगडित आहे आणि ती विद्यार्थ्याकडून प्रत्यक्षात कोणती कृती करवून घेते. कल्पित संचात पहिल्या उद्दिष्टाला १४, दुसऱ्याला ८ व तिसऱ्याला ३ स्लाइड्स मिळतात. चौथ्याला एकही नाही. उरलेल्या दोन कोणत्याही उद्दिष्टाशी जुळत नाहीत. म्हणजे निम्म्याहून अधिक संच सर्वांत खालच्या स्तरावर खर्च होतो.

दुसरी नोंद अधिक महत्त्वाची ठरते. एका स्लाइडचे शीर्षक 'ठिबक सिंचनाचे मूल्यमापन' असे आहे. परंतु तिच्यात फायद्यांची केवळ यादी आहे. यादी पाठ करणे हे स्मरण होय. म्हणून ती चौथ्या उद्दिष्टात न धरता न जुळणाऱ्या दोन स्लाइड्समध्ये धरली आहे. स्तर शीर्षकातील शब्दावरून नव्हे, तर कृतीवरून ठरवावा.

तिसऱ्या उद्दिष्टाच्या तीन स्लाइड्समध्येही हीच त्रुटी आढळते. एकीत सूत्र आहे, तर दोहोंत सोडविलेली उदाहरणे. सरासरी ८०० मिमी आणि प्रत्यक्ष पाऊस ६०० मिमी असल्यास विचलन उणे २५ टक्के येते. भारतीय हवामान विभागाच्या वर्गवारीनुसार उणे २० ते उणे ५९ टक्के पाऊस 'अपुरा' ठरतो. हे सर्व शिक्षकच सांगतात, म्हणून स्तर आकलनापाशी थांबतो. नवे आकडे देऊन, उदाहरणार्थ ४८० मिमी पाऊस, उत्तर विद्यार्थ्यांकडून काढून घेतल्यावरच (उणे ४० टक्के) उपयोजन साधते.

दुरुस्ती :
पहिल्या उद्दिष्टाच्या १४ स्लाइड्स नकाशे एकत्र करून ६ वर आणता येतात. दुसऱ्यासाठी ७ ठेवून, तिसऱ्यासाठी न सोडविलेल्या उदाहरणासह ४ आणि चौथ्यासाठी ३ स्लाइड्स योजाव्यात. न जुळणाऱ्या दोन वगळल्यावर एकूण २० होतात. ५० मिनिटांच्या दोन तासिकांची विभागणी अनुक्रमे १५, ३०, २५ व ३० मिनिटे अशी करता येईल.

मर्यादा :
स्लाइड्सची संख्या म्हणजे वेळ नव्हे. एकाच प्रश्नाची स्लाइड वीस मिनिटे घेऊ शकते. म्हणून संख्येसोबत मिनिटेही मोजावीत. शिवाय स्तर पूर्वानुभवावरही अवलंबून असतो. वर्गात सोडविलेले उदाहरण त्याच आकड्यांसह परीक्षेत विचारल्यास ते स्मरणच ठरते. दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदी केल्यास आणि मतभेद झाल्यास बहुधा उद्दिष्टातील क्रियापद संदिग्ध असते. 'समजून घेणे' असे लिहिलेले उद्दिष्ट 'स्पष्ट करणे' किंवा 'काढणे' असे बदलावे.

निष्कर्ष :
रिकामे राहिलेले उद्दिष्ट आढळल्यास दोनच मार्ग उरतात : त्यासाठी कृती योजणे किंवा ते पहिल्या स्लाइडवरून व प्रश्नपत्रिकेतून काढून टाकणे. न शिकविलेले तपासणे हा विद्यार्थ्यावरील अन्याय ठरतो, आणि तो टाळणे हेच या तपासणीचे प्रयोजन होय.