पूर आला की पुरस्कार?

जुलैतली एक सकाळ. कोल्हापुरातल्या एखाद्या दैनिकाच्या उपसंपादकाने पावसाळ्याची तयारी म्हणून मेलबॉक्सला एक साधा नियम घालून दिला आहे, असं समजा. ज्या मेलमध्ये ‘पूर’ ही अक्षरं असतील, त्याला लाल खूण कर आणि मोबाइल वाजव. तासाभरात मोबाइल किणकिणायला लागतो. पहिला मेल कोल्हापूरच्या बुद्धिबळ स्पर्धेचा. दुसरा सोलापूरहून आलेला, चादरींच्या प्रदर्शनाचा. तिसऱ्यात कुणाच्या तरी सप्ताहाचा कार्यक्रम ‘उत्साहात पूर्ण’ झालेला. आणि ‘पुरामुळे रस्ता बंद’ असं सांगणारा मेल मात्र गुपचूप खाली पडून राहतो. त्यातला ‘पु’ ऱ्हस्व आहे ना!

उपसंपादक मग ‘पुर’ हाही शब्द घालतो. दुसऱ्या दिवशी पुरस्कार येतात, पाणीपुरवठा येतो, पुरुष एकेरीची उपांत्य फेरी येते. मराठी वृत्तपत्रांकडे येणाऱ्या प्रसिद्धीपत्रकांत पुरस्कारांचं प्रमाण किती असतं, हे त्या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको.

हसण्यावारी नेण्याजोगा हा प्रकार मुळात व्याकरणाचा आहे. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की शब्द आपलं रूप बदलतो. पूर, पुराचा, पुरात, पाणी, पाण्याचा, रस्ता, रस्त्यावर. आपल्याला हे शाळेपासून अंगवळणी पडलेलं असतं. मेल चाळणारा संगणक मात्र फक्त अक्षरांशी अक्षरं जुळवतो आणि तीही दोन तऱ्हांनी. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममधला ‘कंटेन्स’चा नियम शब्दाच्या पोटातही शोधतो, म्हणून त्याला कोल्हापुरात पूर दिसतो. जीमेल अख्खा शब्द जुळवतो. तिथे सोलापूर-कोल्हापूर आपोआप गळतात, पण ‘पूर’ लिहिलं तर ‘पुराचा’ सापडत नाही. म्हणजे एका ठिकाणी नको ते येतं, दुसऱ्या ठिकाणी हवं ते राहून जातं.

पत्रकाराला हे वर्गीकरण हवं असतं ते बीटसाठी. बीट म्हणजे बातमीदाराला वाटून दिलेला प्रांत: महापालिका, जिल्हा परिषद, क्राइम, शिक्षण, शेती, क्रीडा. पूर्वी प्रेसनोट कागदावर यायची, डेस्कवरचा कुणीतरी ती उघडून ज्याच्या त्याच्या खणात टाकायचा. तातडीच्या बातमीसाठी टेलिप्रिंटरला घंटी होती. वृत्तसंस्थेने मोठी बातमी सोडली की ती वाजायची आणि माणसं यंत्राकडे धावायची. आज खणांच्या जागी मेलमधली लेबलं आली, घंटीच्या जागी मोबाइलची सूचना. फरक इतकाच, की घंटी वाजवण्याचा निर्णय तेव्हा वृत्तसंस्थेतला माणूस घ्यायचा. आता तो नियम ज्याचा त्याने लिहायचा असतो.

बीटचं काम शब्दांवर सोपवू नये, हा पहिला धडा. बीट ओळखावी ती पाठवणाऱ्यावरून. जिल्हा माहिती कार्यालय, पोलीस, विद्यापीठ, बाजार समिती, क्रीडा संघटना हे सगळे नेहमीचे भिडू असतात. त्यांचे पत्ते एकदा बसून बीटवार लिहून काढले की रोजच्या ढिगातला मोठा भाग शब्दाला हातही न लावता मार्गी लागतो. बाजार समितीच्या पत्त्यावरून आलेला मेल शेती बीटचा, मग त्यात ‘पूर’ असो वा ‘पुरस्कार’. एका मेलला दोन लेबलंही लावता येतात. पुराने ऊस बुडाल्याचं पत्रक शेतीतही दिसावं आणि जिल्हा बीटमध्येही. कागदाची ही सोय नव्हती.

शब्दांची गरज लागते ती तातडीच्या सूचनेसाठी. तिथे पाठवणारा आणि शब्द अशा दोन्ही अटी एकत्र घालायच्या. आपल्या उपसंपादकाने जीमेलच्या शोधपट्टीत दुसऱ्या प्रयत्नात हे लिहिलं:

```
from:(gov.in OR nic.in) {पूर पुराचा पुरात पुरामुळे विसर्ग "धोका पातळी"}
```

महिरपी कंसाचा अर्थ ‘यांपैकी काहीही’. सरकारी पत्त्यावरून आलेला आणि यांतला एखादा तरी शब्द असलेला मेल, एवढाच वाजावा. बुद्धिबळ गेलं, सप्ताह गेला. तरी मोबाइल रोज वाजतोच. कारण शोधल्यावर कळतं, की पावसाळ्यातल्या दैनंदिन अहवालात राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी दिलेली असते आणि तिच्या शेजारी कंसात इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट हेही छापलेलं असतं. नदी १८ फुटांवर निवांत वाहत असली, तरी ‘धोका पातळी’ हे शब्द अहवालात आहेतच. विसर्गाचंही तेच. रोज खोटी वाजणारी घंटी चौथ्या दिवशी माणूस बंद करतो आणि पाचव्या दिवशी पाणी येतं.

मग नियम घटनेच्या शब्दांवर बांधावा लागतो. पातळी हे नाम रोजचंच, पण ‘ओलांडली’ हे क्रियापद काही घडलं तरच येतं. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. दरवाजा उघडला, की खालच्या गावांच्या दृष्टीने बातमी झाली. म्हणून तिसरा नियम असा:

```
from:(gov.in OR nic.in) {ओलांडली ओलांडल्याने स्थलांतर "दरवाजा उघडला" "दरवाजे उघडले"}
```

हा बरा आहे की नाही, ते पुढच्या पुराची वाट न बघता तपासता येतं. मेल जपून ठेवलेले असतील तर जुन्या पुरावर चाचणी घ्यायची. जुलै २०२१ च्या महापुराचे दिवस निवडायचे, नियमापुढे `after:2021/07/20 before:2021/07/27` जोडायचं आणि काय हाती लागतं ते पाहायचं. मग तोच नियम कोरड्या फेब्रुवारीवर चालवायचा. पुराच्या आठवड्यात महत्त्वाचा मेल सुटला तर शब्द कमी पडले, फेब्रुवारीत ढीग आला तर जास्त झाले. नियम पक्का झाला की त्याला ‘तातडी’ असं लेबल द्यायचं, मेल स्पॅममध्ये जाऊ नये यासाठीची खूण करायची आणि मोबाइलवर फक्त त्या एका लेबलची सूचना चालू ठेवायची.

तरीही काही मेल निसटतात. तालुक्याच्या ठिकाणाहून कुणी खासगी पत्त्यावरून पाठवतं, ते gov.in च्या अटीत बसत नाही. असे पत्ते हाताने यादीत घालावे लागतात. कुणी कागदावर सही-शिक्का मारून त्याचा मोबाइलवर फोटो काढतं आणि विषयाच्या जागी नुसतं ‘प्रसिद्धीसाठी’ लिहितं. त्या फोटोतल्या शब्दांवर नियमाने विसंबू नये. आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे जुने फाँट. युनिकोड येऊन जमाना झाला, तरी कृतीदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर अजून येतो. त्यात पडद्यावर मराठी दिसते ती केवळ फाँटच्या रूपामुळे, आत असतात रोमन अक्षरं. फाँट नसलेल्या संगणकावर कोल्हापूर `dksYgkiwj` होऊन उतरतं आणि पूर होतो `iwj`. वैतागलेला उपसंपादक नियमात `iwj` सुद्धा घालू शकतो. त्यापेक्षा पाठवणाऱ्याला एक फोन करणं स्वस्त पडतं.

वाचकांच्या मेलची तऱ्हा वेगळी. वाचक बीट सांगत नाही, पत्ता ओळखीचा नसतो आणि ‘धोका पातळी’ असले शब्द तो वापरत नाही. तो लिहितो, ‘दोन दिवस नळाला पिवळं पाणी येतंय, कुणी लक्ष देत नाही.’ एकटा मेल ही तक्रार असते. एकाच भागातून दुपारपर्यंत असे तिघांचे मेल आले तर ती बातमीची चाहूल. इचलकरंजीने २०१२ साली काविळीची साथ पाहिली आहे, त्यामुळे या भागात पाण्याच्या रंगाची तक्रार कुणी हलकी घेऊ नये. म्हणून वाचकांच्या मेलवर शब्दांची घंटी न बांधता त्यांचा एकच खण ठेवावा, तो दिवसातून दोनदा माणसाने उघडावा आणि पेठ किंवा वॉर्डाचं नाव लेबल म्हणून लावावं. मोजणी मग डोळ्यांना दिसते. एक पथ्य मात्र पाळायचं: कुणी आपल्याच कार्यालयातला गैरव्यवहार कळवला असेल, तर तो मेल सगळ्या डेस्कला दिसणाऱ्या खणात जाता कामा नये.

आता राहिली ती वाजलेली घंटी खरी आहे का, ही गोष्ट. ७ जानेवारी २०१३ रोजी ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांना एएनझी बँकेच्या नावाने एक प्रसिद्धीपत्रक मेलवर आलं. व्हाइटहेवन या कोळसा कंपनीला दिलेलं १.२ अब्ज डॉलरचं कर्ज बँकेने मागे घेतलं, असं त्यात होतं. बँकेचं बोधचिन्ह होतं, भाषा बँकेची होती, पत्ताही बँकेचा वाटावा असाच होता. काही माध्यमांनी बातमी चालवली, शेअर गडगडला आणि कंपनीचं बाजारमूल्य काही काळापुरतं तीस कोटी डॉलरहून अधिक घसरलं. पत्रक बनावट होतं. कोळसा खाणीला विरोध करणाऱ्या जोनाथन मॉयलन या कार्यकर्त्याने ते पाठवलं होतं, पुढे न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. खाली संपर्कासाठी दिलेला मोबाइल नंबर त्याचाच होता. खातरजमा करायला त्यावर फोन लावणाऱ्याला पलीकडून बँकेचा अधिकारी म्हणून तोच बोलायचा.

उत्तम बांधलेला नियमही अशा मेलला अडवेलच असं नाही, उलट ‘बँक’ आणि ‘कर्ज’ पाहून तो सगळ्यात वर आणून ठेवेल. त्यामुळे घंटी वाजली की डेस्कवर दोन गोष्टी व्हायला हव्यात. पत्त्यातलं ‘@’च्या नंतरचं नाव अक्षरन् अक्षर वाचायचं. आणि फोन लावायचा तो पत्रकावरच्या नंबरवर नाही, आपल्या डायरीतल्या. धरणाच्या बाबतीत तो नंबर पाटबंधारे विभागाच्या पूर नियंत्रण कक्षाचा असतो आणि पावसाळ्यात तिथे रात्रीही कुणीतरी उचलतं.

वृत्तपत्राला मेल पाठवणाऱ्या वाचकांसाठी म्हणून एवढंच: विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचे’, ‘तातडीचे’ असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. गावाचं किंवा वॉर्डाचं नाव, काय घडलं आणि केव्हा, हे तिथे लिहा. मजकूर कागदाचा फोटो काढून न पाठवता मेलमध्येच टाइप करा. युनिकोडमध्ये.